तेवीस जणी, पण पूर्णवेळ किती? अर्धवेळ तासांचं एफटीई गणित

महिनाअखेरीला रुग्णालयाच्या विश्वस्तांकडून एक साधा वाटणारा प्रश्न येतो: "नर्सिंगला सध्या माणसं किती आहेत?" इन्चार्ज सिस्टर मस्टर बघून सांगतात, तेवीस. हिशेब बघणारे सांगतात, साडेअठरा, कारण ते अर्धवेळ येणाऱ्या प्रत्येकीला अर्धी धरतात. मी तासांची बेरीज करून सांगते, 17.9. तिघांसमोर मस्टर एकच असतं आणि खोटं कुणीच बोलत नसतं. तरीही अहवालात यातला कुठला आकडा जातो, यावर पुढच्या वर्षी किती जागा मंजूर होतील हे ठरतं. म्हणून हे गणित एकदा शांतपणे उलगडून बघू.

एफटीई म्हणजे पूर्णवेळ समतुल्य संख्या. कल्पना अगदी छोटी आहे. एक पूर्णवेळ माणूस आठवड्याला जितके तास काम करतो, तितक्या तासांचं एक माप धरायचं आणि अर्धवेळ येणाऱ्या सगळ्यांचे आठवड्याचे तास मिळून अशी किती मापं भरतात ते मोजायचं. पायलीने धान्य मोजावं तसंच. डोकी मोजली की कळतं किती जण आहेत. एफटीई मोजलं की कळतं किती जणांइतकं काम आहे. अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी हवेत, कारण एकाचं काम दुसरा करू शकत नाही.

समजण्यासाठी नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूचं चाळीसेक खाटांचं एक रुग्णालय डोळ्यांसमोर आणू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण घडण अशीच असते. नर्सिंगमध्ये 14 जणी पूर्णवेळ आहेत: आठवड्याचे सहा दिवस, रोज प्रत्यक्ष कामाचे 8 तास, म्हणजे 48 तास. याशिवाय 9 जणी अर्धवेळ येतात. तिघी सकाळच्या ओपीडीला रोज 4 तास, सहा दिवस. प्रत्येकीचे 24 तास. दोघी फक्त शनिवार-रविवारची रात्रपाळी करतात. प्रत्येकीचे 16 तास. दोघी ड्रेसिंगसाठी दिवसाआड येतात, तीन दिवस, 5-5 तास; प्रत्येकीचे 15. एक सिस्टर एका आठवड्यात 30 तास आणि पुढच्या आठवड्यात 18 तास करते, कारण तिचं पुढचं शिक्षण चालू आहे. तिची सरासरी 24. आणि एक अनुभवी सिस्टर, निवृत्तीनंतर परत आलेल्या, चार दिवस 7 तास येतात, त्यांचे 28.

आता बेरीज. ओपीडीच्या तिघींचे 72, रात्रीच्या दोघींचे 32, ड्रेसिंगच्या दोघींचे 30, मग 24 आणि 28. एकूण 186 तास. या 186 ला 48 ने भागलं की 3.875 येतात. म्हणजे या नऊ जणी मिळून पावणेचार पूर्णवेळ सिस्टरांपेक्षा थोडं जास्त काम करतात. त्यात पूर्णवेळ 14 मिळवले की 17.875, आणि एक दशांश ठेवून लिहायचं तर 17.9. डोकी 23.

शीटमध्ये हे एका ओळीचं काम आहे. C स्तंभात नऊ जणींचे आठवड्याचे तास असतील तर:

```
=ROUND(14 + SUM(C2:C10)/48, 1)
```

गणित एवढंच आहे. चुका होतात त्या भागाकारात नसतात, त्याच्या आधीच झालेल्या असतात. त्यातली सगळ्यात मोठी चूक खालच्या आकड्याची, म्हणजे 48 ची.

हा 48 कुठून आला? आपल्याकडे हा आकडा ओळखीचा आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात प्रौढ कामगाराला आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम देता येणार नाही अशी मर्यादा होती, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कित्येकांच्या तोंडी 'आठ तास, सहा दिवस' हेच बसलेलं आहे. पण कायद्यातला 48 हा वरचा बांध आहे. पूर्णवेळ म्हणजे 48 च, असं तो म्हणत नाही. पूर्णवेळ किती तासांचं हे तुमच्या संस्थेच्या नेमणूकपत्रात आणि ड्यूटीच्या तक्त्यात असतं, आणि भागाकाराला तोच आकडा घ्यायचा असतो. आमच्या उदाहरणातल्या नर्सिंगला तो 48 आहे. तुमच्याकडे 45 असेल तर 45 घ्या.

इथे बरेच जण फसतात, कारण शीट स्वतः न बनवता कुणाकडून तरी घेतलेली असते. तयार शीटमध्ये बहुधा 40 बसवलेले असतात, किंवा वर्षाचे 2080 तास. हा 2080 म्हणजे आठवड्याला 40 तास गुणिले 52 आठवडे, अमेरिकेतलं माप. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत पूर्णवेळ आठवडा साधारण 37.5 तासांचा धरतात. अमेरिकेच्या आरोग्यविम्याच्या कायद्यात तर आठवड्याला 30 तास भरले की माणूस पूर्णवेळ, आणि अर्धवेळवाल्यांचे महिन्याचे तास 120 ने भागायचे असा नियम आहे. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्या 48 तासांच्या वॉर्डला ते लावले की बिघडतात.

किती बिघडतात ते बघा. आमचे 186 तास 40 ने भागले तर 4.65 येतात. खरे 3.875. म्हणजे पाऊण माणूस हवेतून आलं. कागदावर 18.65 दिसतात, विश्वस्तांना वाटतं बरीच भरती झाली आहे, आणि वॉर्डमध्ये मात्र तितकीच माणसं धावपळ करत असतात. शिवाय हे गणित आतूनही विसंगत आहे. पूर्णवेळ सिस्टर 48 तास करते आणि तिला 1 धरलं. अर्धवेळवालीचे 40 तास झाले तर तिलाही 1. दोघींत 8 तासांचा फरक असताना कागदावर त्या सारख्याच. एकाच बेरजेत दोन मापं वापरली की असंच होणार.

कधी कधी मात्र 40 वरून आदेश म्हणून येतात. मुख्य कार्यालयाचा तक्ता असतो आणि त्यावर छापलेलं असतं की एक एफटीई म्हणजे 40 तास. अशा वेळी एक प्रश्न फोन करून विचारायचा: पूर्णवेळ माणसालाही त्याच 40 ने भागायचं का? उत्तर 'हो' असेल तर आपली प्रत्येक पूर्णवेळ सिस्टर 1.2 होते. त्या तक्त्याला 'किती तासांचं काम झालं' हे हवं आहे. उत्तर 'नाही, पूर्णवेळ म्हणजे 1' असं असेल तर त्यांना 'किती जागा भरल्या आहेत' हे हवं आहे, आणि मग अर्धवेळवाल्यांना आपल्याच 48 ने भागणं रास्त, हे त्यांना पटवून द्यावं लागतं. मी दोन्ही प्रकारचे तक्ते भरले आहेत. न विचारता भरलेला तक्ता पुढच्या महिन्यात परत येतो, म्हणून आधी विचारणंच कमी त्रासाचं.

खालचा आकडा ठरला की दुसरा प्रश्न येतो, जेवणाच्या सुट्टीचा. पूर्णवेळ सिस्टर सकाळी 8 ला येते आणि साडेचारला जाते. मशिनवर बोट लावल्याच्या वेळा बघितल्या तर साडेआठ तास, सहा दिवसांचे 51. त्यातली अर्ध्या तासाची सुट्टी वजा केली की 48. ओपीडीला चार तास येणाऱ्या सिस्टरला जेवणाची सुट्टीच नसते; तिचे चार म्हणजे चार. आता कुणी हजेरीच्या मशिनवरून पूर्णवेळ आठवडा 51 काढला आणि अर्धवेळवाल्यांचे 186 तास सुट्टी वजा करून घेतले, तर 3.65 येतात. वर सुट्टी वगळलेली, खाली सुट्टी धरलेली. नियम सोपा आहे: भागाकाराच्या वर जसे तास, तसेच खाली. आमच्याकडे सुट्टीचा पगार धरत नाहीत, म्हणून दोन्हीकडे वगळायची. जिथे सुट्टी पगारात धरतात तिथे दोन्हीकडे ठेवायची.

तासांच्या नोंदीतच दडलेली आणखी एक चूक आहे आणि ती फार फसवी असते. कुणी 4 तास 30 मिनिटं काम केलं तर शीटमध्ये काय लिहायचं? 4.30 लिहिलं तर ते चार पूर्णांक तीन दशांश होतं, म्हणजे 4 तास 18 मिनिटं. हवं असतं 4.5. आणि कुणी 4:30 असं घड्याळासारखं लिहिलं तर शीट त्याला दिवसाचा भाग समजते, म्हणजे 0.1875. मग नऊ जणींची बेरीज केली की 186 तासांऐवजी पडद्यावर 18:00 दिसतं, कारण ती वेळ चोवीस तासांचं चक्र पूर्ण करून पुन्हा पहिल्यापासून फिरते. त्याला 48 ने भागलं की उत्तर 0.16 येतं. नऊ जणी मिळून एका माणसाच्या सहाव्या भागाइतक्याही भरत नाहीत असं दिसलं की ओळखावं, तास घड्याळाच्या रूपात बसले आहेत. उपाय 24 ने गुणण्याचा:

```
=SUM(C2:C10)*24/48
```

सूत्र लिहिलेला रकाना संख्या म्हणून ठेवा, वेळ म्हणून नको. नाहीतर बरोबर उत्तरही परत घड्याळासारखंच दिसेल. नोंद करणारी व्यक्ती बदलली की मी पहिल्या आठवड्याची बेरीज कॅल्क्युलेटरवर ताडून बघते. पाच मिनिटं लागतात आणि महिनाभराची कटकट वाचते.

आता सरासरीकडे येऊ. अहवाल आठवड्याच्या तासांवर असतो, पण आपल्या हातात बहुतेक वेळा महिन्याचं मस्टर असतं. महिन्याचे तास आठवड्यावर आणताना सगळ्यांचा हात चारवर जातो: महिन्याचे चार आठवडे. पण चार आठवड्यांचे 28 दिवस होतात. एकतीस दिवसांच्या महिन्यात 4.43 आठवडे असतात. समजा, ऑगस्टच्या मस्टरवर नऊ जणींचे मिळून 806 तास भरले. चारने भागले तर आठवड्याचे 201.5, आणि एफटीई 4.2. दिवसांप्रमाणे 4.43 आठवडे धरले तर आठवड्याचे 182, आणि एफटीई 3.79. चारने भागणाऱ्याचा अहवाल दर एकतीस दिवसांच्या महिन्यात फुगतो आणि फेब्रुवारीत खाली येतो. मग बैठकीत कुणीतरी विचारतं, "फेब्रुवारीत कोण सोडून गेलं?" कुणीच गेलेलं नसतं. गेलेले असतात फक्त तीन दिवस.

हे 182 तास आपल्या ठरलेल्या 186 पेक्षा कमी का आले, हाही बघण्यासारखा प्रश्न आहे. ठरलेल्या ड्यूट्यांप्रमाणे एकतीस दिवसांत साधारण 824 तास व्हायला हवे होते. 806 भरले, म्हणजे अठरा तासांच्या ड्यूट्या चुकल्या. कुणी आजारी पडलं असेल, कुणी गावी गेलं असेल. म्हणजे तासांचे दोन प्रकार आहेत: ठरलेले आणि प्रत्यक्ष भरलेले. जागांच्या अहवालाला ठरलेले तास वापरावेत असं माझं स्पष्ट मत आहे. विश्वस्त विचारतात ते किती क्षमता आपण कामावर ठेवली आहे याबद्दल. पूर्णवेळ सिस्टर दोन दिवस रजेवर गेली म्हणून आपण तिला 0.9 करत नाही, मग अर्धवेळवालीच्या आजारपणाचे तास तिच्या आकड्यातून का कापायचे? प्रत्यक्ष भरलेल्या तासांचा वेगळा तक्ता करावा, तो गैरहजेरी समजून घ्यायला उपयोगी पडतो. दोन्ही एकाच स्तंभात मिसळले की महिन्या-महिन्यांची तुलना करता येत नाही.

ठरलेले तास धरतानाही एक ठिकाण नीट सांभाळावं लागतं, आणि ते म्हणजे बदलीवर आलेली व्यक्ती. पूर्णवेळ सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली, कायद्याप्रमाणे दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर 26 आठवडे, आणि तिच्या जागी 24 तासांसाठी कुणीतरी आली. मस्टरवर दोघीही आहेत. दोघींना धरलं तर 1 अधिक 0.5, म्हणजे दीड. वॉर्डमध्ये प्रत्यक्षात अर्धीच. आमच्याकडे अशा रजेतल्या व्यक्तीचं नाव यादीत राहतं पण तासांत शून्य धरतात, आणि शेजारी 'रजेवर, जागा कायम' असं लिहितात. तिची जागा गेली असं कुणाला वाटू नये म्हणून ही टीप लागतेच. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे ती टीप कुणी लिहीत नसे. एकदा वरच्या बैठकीत अशीच एक जागा 'रिकामी' म्हणून कापली गेली. ती सिस्टर परत आली तेव्हा तिची जागा परत मिळवायला आम्हाला दोन महिने अर्ज करावे लागले. तेव्हापासून मी हा रकाना कधीच मोकळा सोडत नाही.

आता गोळाबेरजेचा मुद्दा. हिशेबवाल्यांचे साडेअठरा कसे आले ते आता कळेल: नऊ जणी गुणिले अर्धा म्हणजे साडेचार. पण ड्रेसिंगवाली 15 तास येते, ती अर्धी नाही, तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येकीचा आकडा पूर्णांकात आणतात. ओपीडीवाल्या 0.5, म्हणून त्या 1. रात्रीच्या दोघी 0.33, म्हणून शून्य. असं केलं की नऊ जणींचे पाच होतात, आणि त्यात शनिवार-रविवारच्या दोन्ही रात्री सांभाळणाऱ्या दोघी कागदावरून नाहीशा होतात! त्यांचं काम कुणीतरी नऊ ते पाचवालीच्या नावावर चढवल्यासारखं ते होतं आणि मला ते मनापासून खटकतं. एक दशांशापर्यंत प्रत्येकीचं आधीच कापलं तरी 3.8 येतात, खरे 3.875. म्हणून तास पूर्ण बेरजेपर्यंत जसेच्या तसे न्यावेत आणि अगदी शेवटच्या आकड्याला एकदाच दशांशात आणावं.

आतापर्यंत सगळं नर्सिंगचं झालं. आता बिलिंग आणि रिसेप्शन घेऊ, कारण तिथे खालचा आकडाच वेगळा आहे. त्यांचा पूर्णवेळ आठवडा 42 तासांचा: सोमवार ते शुक्रवार साडेसात तास आणि शनिवारी साडेचार. तिथे चार जण अर्धवेळ आहेत, 21, 21, 18 आणि 24 तासांचे. एकूण 84. भागिले 42 म्हणजे बरोबर 2. आता पूर्ण रुग्णालयाचा अर्धवेळ एफटीई हवा असेल तर नर्सिंगचे 3.875 आणि बिलिंगचे 2, मिळून 5.875. घाईत असलेला माणूस सगळे तास एकत्र करतो, 186 अधिक 84 म्हणजे 270, आणि 48 ने भागतो: 5.625. पाव माणूस बिलिंगमधून गेलं, कारण त्यांना नर्सिंगच्या मापाने मोजलं. आधी विभागवार भागा, मग बेरीज करा, हा क्रम उलटवायचा नाही.

नाशिकमध्ये काम करणाऱ्यांपुढे एक खास प्रसंग लवकरच येतो आहे, 2027 चा सिंहस्थ. शाही स्नानाच्या काळात रामकुंडाच्या बाजूला आणि त्र्यंबकेश्वरला होणारी गर्दी बघता, अनेक रुग्णालयं थोड्या दिवसांसाठी जादा सिस्टर घेतील. समजा, ऑगस्टमध्ये 6 जणी तीन आठवड्यांसाठी पूर्ण 48 तासांवर घेतल्या. त्यांचे एकूण तास 864. ऑगस्टच्या मासिक अहवालात, 4.43 आठवड्यांचे पूर्णवेळ तास 212.6 धरले तर, त्या 4.06 एफटीई होतात. वार्षिक अहवालात, वर्षाचे 2496 तास धरले तर, त्याच सहा जणी 0.35 होतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण वार्षिक अहवाल वाचून कुणी म्हणालं की सिंहस्थाला आपण अर्धं माणूससुद्धा वाढवलं नव्हतं, तर तो त्या आकड्याचा चुकीचा अर्थ आहे. मुदतीच्या माणसांची ओळ म्हणूनच वेगळी ठेवावी: किती जण, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, एकूण तास किती. एफटीई त्या ओळीच्या शेवटी येऊ द्या.

एफटीई कुठे अजिबात वापरायचं नाही हेही एकदा सांगून ठेवते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो तो 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, आणि तिथे डोकी मोजतात. आमच्या उदाहरणात नुसतं नर्सिंग घेतलं तरी डोकी 23 आहेत आणि एफटीई 17.9. कुणी म्हणालं, "आपण विसाच्या आत आहोत," तर ते साफ चूक आहे. आठवड्याला 15 तास येणारी सिस्टर कायद्याच्या मोजणीत एक पूर्ण व्यक्ती आहे. लॉकर, गणवेश, ओळखपत्र, लसीकरण यांचीही मोजणी डोक्यांवरच करायची.

तसंच एफटीईला पाळी कळत नाही. 16 तासांच्या तीन जणी मिळून 48 तास होतात, म्हणजे 1. पण तिघीही शनिवार-रविवारच्याच असतील तर मंगळवारी दुपारी त्यांचा उपयोग नाही. शिवाय तिघींचे तीन वेगवेगळे हस्तांतरणाचे वेळ जातात, रुग्णाची माहिती एकीकडून दुसरीकडे देण्यात, आणि ते तास बेरजेत असले तरी रुग्णाच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून एफटीई दिल्यावर इन्चार्ज सिस्टरांचा पाळीवार तक्ता सोबत जोडावा. रिकामी पाळी तिथेच दिसते.

अहवाल पाठवण्यापूर्वी मी दोन गोष्टी तपासते. पहिली: एफटीई डोक्यांपेक्षा जास्त येता कामा नये, आणि कुठल्याही अर्धवेळ व्यक्तीचा आकडा 1 च्या वर जाता कामा नये. गेला तर एकतर तास दोनदा आले आहेत किंवा ती व्यक्ती प्रत्यक्षात पूर्णवेळ झाली आहे आणि नेमणूकपत्र बदलायचं राहिलं आहे. दुसरी: अर्धवेळ एफटीईला अर्धवेळ डोक्यांनी भागायचं आणि परत तासांत आणायचं. 3.875 भागिले 9 म्हणजे 0.43, गुणिले 48 म्हणजे साधारण 20.7 तास. मग इन्चार्ज सिस्टरांना विचारायचं, "तुमच्या अर्धवेळवाल्या सरासरी वीस-एकवीस तास येतात का?" त्या वॉर्ड रोज बघतात. "छे हो, बऱ्याच जणी बारा-पंधरा तासच असतात," असं त्या म्हणाल्या तर शीटमध्ये काहीतरी चुकलं आहे, आणि माझा विश्वास शीटपेक्षा त्यांच्यावर जास्त असतो.

मग तक्त्याखाली ही ओळ लिहिते: 'पूर्णवेळ आठवडा: नर्सिंग 48 तास, बिलिंग 42 तास, जेवणाची सुट्टी वगळून. तास ठरलेल्या ड्यूटीप्रमाणे. दीर्घ रजेवरील व्यक्ती यादीत, तासांत नाहीत.' ही ओळ असली की पुढच्या वर्षी दुसरं कुणी हा तक्ता भरलं तरी आकडे एकमेकांशी जुळतात.

आणि आता तो प्रश्न ज्यासाठी विश्वस्तांनी हा आकडा मागितला होता. नर्सिंगला मंजूर जागा 19 आहेत. आपल्याकडे 17.875. कमी आहेत 1.125. हा आकडा असाच बैठकीत ठेवला तर कुणीतरी म्हणतं, "एक जागा भरा, झालं." त्याऐवजी तो परत तासांत आणावा: 1.125 गुणिले 48 म्हणजे आठवड्याला 54 तास. एक पूर्णवेळ सिस्टर घेतली तरी 6 तास उरतात. किंवा 27-27 तासांच्या दोन अर्धवेळ घेता येतील. इन्चार्ज सिस्टरांचा पाळीवार तक्ता शेजारी ठेवला तेव्हा दिसलं की संध्याकाळच्या दोन पाळ्या आणि रविवारची दुपार सतत ओढून-ताणून भरली जाते. म्हणून आम्ही दोन अर्धवेळ जागा मागितल्या, दोन्ही संध्याकाळच्या, आणि एकीत रविवार धरला.